तीन घागरी, एक विहीर : लघुप्रबंधातील केस स्टडी आणि पुराव्याचा ताळमेळ

३१ ऑगस्ट २०१८ रोजी लंडनमधील क्रॉसरेल प्रकल्पाने एक निवेदन प्रसिद्ध केले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात सुरू व्हायची असलेली एलिझाबेथ लाइन आता पुढल्या वर्षीच्या शरद ऋतूत सुरू होईल, असे त्यात म्हटले होते. ठरलेल्या मुहूर्ताला तेव्हा जेमतेम सव्वातीन महिने उरले होते. पुढे तो शरदही हुकला आणि मध्य लंडनच्या बोगद्यातून प्रवाशांची पहिली गाडी धावली ती २४ मे २०२२ रोजी.

मोठे प्रकल्प रखडतात, यात नवल नाही. नवल आहे ते या निवेदनाच्या तारखेचे. या प्रकल्पाला स्वतःचे संचालक मंडळ होते. परिवहन मंत्रालय आणि ट्रान्सपोर्ट फॉर लंडन हे दोन प्रायोजक होते. या प्रायोजकांच्या वतीने कामावर देखरेख ठेवणारी जेकब्स ही स्वतंत्र सल्लागार संस्थाही नेमलेली होती. एवढे डोळे लागलेले असताना साडेतीन वर्षांचा विलंब मुहूर्ताच्या तोंडावर उघड व्हावा, हे कसे घडले? प्रकल्प व्यवस्थापनात एम.एस्सी. करणाऱ्या विद्यार्थ्याला लघुप्रबंधासाठी हा प्रश्न घेता येईल. नोकरी सांभाळून संध्याकाळी अभ्यास करणारे अनेक मराठी अभियंते ब्रिटनमध्ये आहेत आणि त्यांच्यापैकी बरेचजण शेवटच्या वर्षी ‘पद्धत : केस स्टडी’ असे लिहून मोकळे होतात. त्या दोन शब्दांमागे नेमके काय करावे लागते, ते या एकाच प्रकल्पाच्या आधारे पाहू.

केस स्टडी ही पद्धत ‘कसे’ आणि ‘का’ या प्रश्नांसाठी आहे. रॉबर्ट यिन यांच्या १९८४ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातून रुळलेली तिची व्याख्या थोडक्यात अशी : घटना तिच्या प्रत्यक्ष परिस्थितीतच अभ्यासायची असते, कारण घटना कुठे संपते आणि परिस्थिती कुठे सुरू होते, हे वेगळे काढता येत नाही. क्रॉसरेलची बातमी वर उशिरा का पोहोचली, हे शोधताना कंत्राटांचे स्वरूप, निधीचा करार, राजकीय वचन आणि सिग्नल यंत्रणा यांपैकी काहीच ‘पार्श्वभूमी’ म्हणून बाजूला ठेवता येत नाही. ‘किती टक्के प्रकल्प रखडतात’ असा प्रश्न असेल, तर मात्र ही पद्धत घेऊ नये. त्याचे उत्तर एका प्रकल्पात सापडत नाही.

हे कशाचे प्रकरण आहे?

मार्गदर्शकाने विचारलेल्या ‘क्रॉसरेलच का?’ या प्रश्नाला विद्यार्थी सहसा ‘मोठा प्रकल्प आहे, माहिती भरपूर उपलब्ध आहे’ असे उत्तर देतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण दोन्ही निवडीची कारणे होत नाहीत. निवडीचे कारण नेहमी ‘हे कशाचे प्रकरण आहे?’ या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरातून येते. क्रॉसरेल हे रेल्वेचे प्रकरण आहे, बोगद्यांचे आहे, सार्वजनिक निधीचे आहे, यंत्रणांच्या जुळवणीचे आहे. आपल्या लघुप्रबंधात ते ‘देखरेख भरपूर असूनही वाईट बातमी उशिरा मान्य होणे’ या घटनेचे प्रकरण आहे. हे वाक्य एकदा लिहिले की निवडीचे समर्थन आपोआप पुढे येते. देखरेख दुबळी असलेला प्रकल्प घेतला असता, तर ‘लक्ष देणारे कोणी नव्हते’ एवढ्यावर विषय संपला असता. इथे लक्ष देणारे होते. म्हणून जी स्पष्टीकरणे इतरत्र सहज खपून जातात, ती इथे खपत नाहीत. यिन ज्याला कसोटीचे प्रकरण म्हणतात आणि बेंट फ्ल्युबिअर यांनी २००६ सालच्या आपल्या लेखात ज्याचा जोरदार पुरस्कार केला, ते हेच. कसोटीच्या ठिकाणी एक सिद्धान्त टिकतो की मोडतो, यावरून त्या एका प्रकरणापलीकडचेही काही शिकता येते.

दुसरा निर्णय सीमेचा. कुठल्या दिवसापासून कुठल्या दिवसापर्यंत? क्रॉसरेलचा कायदा २००८ चा, काम २००९ पासून सुरू आणि बोगद्यांचे खोदकाम २०१५ मध्ये पूर्ण. साठ-सत्तर पानांच्या लघुप्रबंधात हे सगळे घेऊ पाहणारा विद्यार्थी शेवटी प्रकल्पाचा इतिहास लिहितो, संशोधन करत नाही. माझ्या मते या प्रश्नासाठी योग्य खिडकी आहे ती बोगदे पूर्ण झाल्यापासून ३१ ऑगस्ट २०१८ पर्यंतची. खोदकाम संपल्यावर प्रकल्पाचे स्वरूपच बदलले. मातीत यंत्र किती मीटर पुढे गेले, हे रोज मोजता येत होते. गाडी, रूळ, सिग्नल आणि फलाटावरची दारे एकमेकांशी किती ‘बोलू लागली’, हे तसे मोजता येत नाही. याच मार्गावर एका गाडीला तीन वेगवेगळ्या सिग्नल पद्धतींतून जायचे होते. प्रगती मोजण्याचे साधन ज्या टप्प्यावर बोथट झाले, तोच आपला काळ. सीमा आखताना हे कारण लिहून ठेवावे, कारण परीक्षक ‘२०१९ ते २०२२ का वगळले?’ असे हमखास विचारतात. त्याचे उत्तरही सोपे आहे : विलंब जाहीर झाल्यानंतरचा काळ हा दुसऱ्या प्रश्नाचा आहे.

तिसरा निर्णय, प्रकरणाच्या आत लहान घटक घ्यायचे का? घेतले तर फायदा होतो, पण जोडी काळजीपूर्वक निवडावी लागते. बाँड स्ट्रीट आणि कॅनरी वॉर्फ ही दोन स्थानके समोरासमोर ठेवण्याचा मोह होईल, कारण एक सर्वांत उशिरा, म्हणजे २४ ऑक्टोबर २०२२ रोजी उघडले आणि दुसऱ्याची मुख्य बांधणी फार लवकर झाली. पण कॅनरी वॉर्फचे स्थानक गोदीच्या पाण्यात मोकळ्या जागी उभे राहिले आणि त्याची बांधणी खाजगी विकासकाने केली. बाँड स्ट्रीट मेफेअरच्या दाट वस्तीखाली आहे. इतक्या बाबतींत भिन्न असलेली जोडी घेतली, तर फरक कशामुळे पडला हे कधीच सांगता येत नाही. त्यापेक्षा बाँड स्ट्रीट आणि त्याच्या शेजारचेच टॉटनहॅम कोर्ट रोड ही जोडी चांगली. दोन्ही वेस्ट एंडच्या दाट वस्तीखाली आहेत, दोन्ही एकाच मालकासाठी आणि एकाच मुहूर्ताकडे पाहत बांधली गेली. पण टॉटनहॅम कोर्ट रोड मे महिन्यात उघडले आणि बाँड स्ट्रीट पाच महिने मागे राहिले. साम्य जितके अधिक, तितका उरलेला फरक बोलका.

पुरावा गोळा करण्याआधी काय शोधायचे ते ठरवा

आता साधनांकडे वळू. यिन सहा प्रकारची साधने सांगतात : कागदपत्रे, नोंदी, मुलाखती, निरीक्षण, सहभागी निरीक्षण आणि प्रत्यक्ष वस्तू. बहुतेक लघुप्रबंधांत ही यादी जशीच्या तशी उतरवलेली असते आणि पुढे ‘दहा मुलाखती घेतल्या व कागदपत्रे तपासली’ एवढेच वाक्य येते. कोणती कागदपत्रे आणि का, हे ठरवण्याचा एक खात्रीचा मार्ग आहे. आधी प्रतिस्पर्धी स्पष्टीकरणे लिहून काढावीत आणि प्रत्येक खरे असेल तर ते कुठे आणि कसा माग सोडून जाईल, हे स्वतःला विचारावे.

क्रॉसरेलबाबत तीन स्पष्टीकरणे संभवतात. पहिले, प्रामाणिक चूक. यंत्रणांची जुळवणी किती अवघड आहे, हे कोणालाच वेळेवर उमगले नाही. डॅनिएल काहनेमान आणि अमोस ट्वेर्स्की यांनी सत्तरच्या दशकात मांडलेला नियोजनातील भ्रम तो हाच. दुसरे, बातमी वर जाताना विरघळत गेली. खाली माहीत होते, वर पोहोचेपर्यंत भाषा सौम्य झाली. तिसरे, बातमी वर पोहोचली, पण मानली गेली नाही. आधीचे बोगदे वेळेत झाले, तसे हेही होईल, तारीख हलवली तर साइटवरचा जोर ओसरेल, म्हणून ती धरून ठेवायची.

ही तिन्ही ऐकायला सारखीच पटतात. फरक पडतो तो मागांमध्ये. पहिले खरे असेल, तर एकाच महिन्यातील खालची आणि वरची, दोन्ही कागदपत्रे शांत असतील आणि धक्का सर्व पातळ्यांवर साधारण एकाच वेळी बसलेला दिसेल. दुसरे खरे असेल, तर खालच्या अहवालात धोक्याची घंटा आणि त्याच महिन्याच्या वरच्या अहवालात शांतता असेल. पायरीगणिक शब्द मऊ होत गेलेले दिसतील. तिसरे खरे असेल, तर संचालक मंडळाच्या कागदातच इशारा असेल आणि त्याच्या पाठोपाठ भरपाईची योजना असेल, तारीख मात्र जागची हललेली नसेल. असे एकदा नव्हे, तर अनेक बैठकांत दिसेल.

यावरून साधनांची निवड ठरून जाते. आपल्याला एकाच महिन्याचे, पण वेगवेगळ्या पातळीवरचे कागद हवेत. सुदैवाने क्रॉसरेलच्या बाबतीत ते बऱ्याच प्रमाणात उपलब्ध आहेत. संचालक मंडळाच्या बैठकींची इतिवृत्ते आणि जेकब्सचे प्रायोजकांना दिलेले अहवाल, काही भाग झाकून का होईना, नंतर सार्वजनिक करण्यात आले. यांचे मोल असे की, ते लिहिणाऱ्याला पुढे काय होणार हे ठाऊक नव्हते. घटना उलटून गेल्यावर लिहिलेल्या कोणत्याही अहवालाला हा गुण येत नाही. म्हणून वाचनाचा क्रमही तसाच ठेवावा : आधी त्या काळातले कागद, मग नंतरचे अहवाल. उलट केले की नॅशनल ऑडिट ऑफिसचा निष्कर्ष डोक्यात बसतो आणि जुन्या इतिवृत्तात आपल्याला तेवढेच दिसू लागते.

मुलाखती सर्वांत शेवटी. क्रॉसरेलवर काम केलेले लोक भेटतात, पण गोपनीयतेच्या करारांमुळे ते मोकळेपणी बोलतीलच असे नाही. संसदेच्या लोकलेखा समितीपुढे आणि लंडन असेंब्लीपुढे झालेल्या साक्षींची शब्दशः टिपणे उपलब्ध आहेत. ती वापरावीत, पण त्यांना मुलाखत म्हणू नये. तिथे प्रश्न आपण विचारलेले नसतात आणि उत्तर देणारा संशोधकाला नव्हे, तर राजकीय व्यासपीठाला उत्तर देत असतो. स्वतः मुलाखत घेताना एक पथ्य पाळावे. समोरच्याला विशिष्ट बैठकीविषयी विचारावे, आधी त्याची आठवण ऐकून घ्यावी आणि मगच त्या बैठकीचे इतिवृत्त पुढे ठेवावे. कागद आधी दाखवला तर माणूस कागद वाचून दाखवतो. ‘मला तेव्हाच शंका आली होती’ हे वाक्य विलंब जाहीर झाल्यानंतर प्रत्येकजण म्हणतो आणि ते खोटेही बोलत नसतात. स्मृती अशीच चालते. त्यावर उपाय म्हणजे ‘ती शंका तुम्ही तेव्हा कुठे लिहिली, कोणाला सांगितली?’ असा पुढचा प्रश्न. उत्तरात एखादी तारीख, एखादा ईमेल किंवा कंत्राटातील ‘अर्ली वॉर्निंग’ची नोंद निघाली, तर ती तपासता येते.

ही शेवटची नोंद अनेकांच्या लक्षात येत नाही. क्रॉसरेलची मुख्य कंत्राटे बहुतांशी एनईसी ३ या नमुन्यावर होती. त्या नमुन्यात खर्च, तारीख किंवा काम यांवर परिणाम करू शकणारी बाब दिसली की दोन्ही पक्षांनी एकमेकांना लगेच कळवावे, असे बंधन असते. म्हणजे ही पूर्वसूचना कोणाच्या मर्जीवर नव्हे, तर कंत्राटाच्या कलमावर अवलंबून असते. क्रॉसरेलचे असे रजिस्टर बाहेरच्या विद्यार्थ्याला मिळणे कठीण. पण स्वतःच्या कंपनीतला प्रकल्प अभ्यासणाऱ्याला ते मिळू शकते. त्याच्याजवळ कामाच्या वेळापत्रकाच्या जुन्या आवृत्त्याही असतात. दर महिन्याच्या आवृत्तीतून एकाच टप्प्याची तारीख उचलून आलेखावर मांडली, तर ती तारीख महिनोन्‌महिने कशी सरकत गेली किंवा कशी चिकटून बसली, हे कोणत्याही मुलाखतीपेक्षा स्वच्छ दिसते.

त्रिकोण कधी बिघडतो

ट्रायअँग्युलेशन हा शब्द भूमापनातून आला. १८०२ साली मद्रासजवळ विल्यम लॅम्ब्टन यांनी पायारेषा मोजली आणि तिथून त्रिकोणांची साखळी रचत हिंदुस्थानचे मोजमाप सुरू झाले. दोन ज्ञात ठिकाणांवरून तिसऱ्या ठिकाणाकडे पाहून कोन मोजायचे, म्हणजे त्याचे स्थान कळते. भूमापन करणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते : पाहण्याची दोन ठिकाणे एकमेकांच्या फार जवळ असली, की त्रिकोण चिंचोळा होतो आणि कोनातली किरकोळ चूक स्थानात मोठी होऊन उतरते. समाजशास्त्रज्ञ नॉर्मन डेन्झिन यांनी १९७० साली साधने, संशोधक, सिद्धान्त आणि पद्धती असे ट्रायअँग्युलेशनचे चार प्रकार सांगितले. ते पाठ करून लिहिणारे विद्यार्थी पुष्कळ आहेत. चिंचोळा त्रिकोण ओळखणारे थोडे.

समजा, विद्यार्थ्याने लिहिले : ‘क्रॉसरेलने डिसेंबर २०१८ ची तारीख गरजेपेक्षा अधिक काळ धरून ठेवली. नॅशनल ऑडिट ऑफिसचा अहवाल, दोन वृत्तपत्रे आणि एक व्यावसायिक नियतकालिक या चार स्रोतांनी याला पुष्टी दिली आहे.’ ऑडिट ऑफिसने मे २०१९ च्या अहवालात असा निष्कर्ष काढला होता, हे खरे. पण वृत्तपत्रांनी त्याच अहवालाची बातमी दिली आणि नियतकालिकाने बातमीवर टिप्पणी केली. म्हणजे घागरी अनेक, पाणी एकाच विहिरीचे. इथे स्रोत चार नाहीत, एक आहे.

यासाठी प्रत्येक स्रोतापुढे चार गोष्टी लिहून ठेवाव्यात : तो केव्हा लिहिला गेला, कोणी लिहिला, कोणासाठी लिहिला आणि लिहिणाऱ्याला हे कुठून कळले. चौथा रकाना भरायला बसले की स्रोतांची वंशावळ दिसू लागते. बरीच नावे एकाच मूळ कागदाकडे जातात. उदाहरणार्थ, क्रॉसरेलने २०१६ साली ‘लर्निंग लेगसी’ या नावाने प्रकल्पातील अनुभवांचा मोठा संग्रह खुला केला. तांत्रिक बाबींसाठी तो उत्तम आहे. पण त्यातले अनेक लेख विलंब उघड होण्यापूर्वीचे आहेत आणि प्रकल्पात काम करणाऱ्यांनीच लिहिलेले आहेत. देखरेख कशी चालते याविषयी २०१७ मधील लेख आणि त्याच प्रकल्पातील अधिकाऱ्याची मुलाखत जुळली, तर त्यातून देखरेख चांगली होती हे सिद्ध होत नाही. त्यांचे स्वतःविषयीचे मत स्थिर होते, एवढे सिद्ध होते. तेही उपयोगी आहे, पण वेगळ्या दाव्यासाठी.

आता एक प्रत्यक्ष विसंगती घेऊ, कारण ट्रायअँग्युलेशनचे खरे काम स्रोत जुळतात तिथे नव्हे, तर फाटतात तिथे असते. लंडनच्या महापौरांना विलंबाविषयी केव्हा कळले? महापौर सादिक खान यांचे म्हणणे होते की, विलंब होणार हे त्यांना ऑगस्टच्या अखेरीसच सांगण्यात आले. क्रॉसरेलचे तत्कालीन अध्यक्ष टेरी मॉर्गन यांनी असेंब्लीसमोर सांगितले की, जुलैच्या अखेरीस झालेल्या बैठकीतच महापौरांना परिस्थितीची कल्पना देण्यात आली होती. वृत्तपत्रांनी यातला खोटे कोण बोलते, हा प्रश्न धरला. संशोधकाने तो धरू नये. एक तर तो त्याच्या साधनांनी सुटणारा नाही आणि दुसरे म्हणजे त्याने प्रश्नातला शब्द तपासायला हवा.

‘कळणे’ म्हणजे काय? डिसेंबरची तारीख धोक्यात आहे, हे ऐकणे ही एक गोष्ट. संचालक मंडळाने तारीख सोडली आहे, हे ऐकणे ही दुसरी. पहिली जुलैमध्ये आणि दुसरी ऑगस्टमध्ये घडली असेल, तर दोन्ही विधाने एकाच वेळी खरी ठरू शकतात. मग आपला मूळ प्रश्नच अधिक टोकदार होतो. ‘बातमी वर केव्हा पोहोचली’ हा प्रश्न आता उरत नाही. ‘धोका’ म्हणून वर पोहोचलेली गोष्ट ‘विलंब’ म्हणून मान्य व्हायला किती काळ लागला आणि त्या मधल्या काळात कोणी काय केले, हा प्रश्न उरतो. संपूर्ण लघुप्रबंधाची मांडणी या एका भेदावर उभी राहू शकते. दोनच स्रोत जुळवून आणि तिसरा गैरसोयीचा म्हणून टाकून दिला असता, तर हा भेद हाती लागला नसता.

यानंतर मागे जाऊन कागद पुन्हा वाचावे लागतात, या वेळी ‘धोका’ आणि ‘विलंब’ असे दोन संकेत लावून. नोव्हेंबर २०१७ मध्ये पुडिंग मिल लेन येथील उपकेंद्रात विद्युत उपकरण निकामी झाले आणि पूर्वेकडील बोगद्यातील गाड्यांच्या चाचण्या लांबणीवर पडल्या. ही तारीख पक्की आहे आणि कोणाच्याही आठवणीवर अवलंबून नाही. अशी घटना संशोधकाला खुंटीसारखी वापरता येते. तिच्यानंतरच्या प्रत्येक महिन्यात जेकब्सचा अहवाल काय म्हणतो, इतिवृत्त काय म्हणते आणि बाहेरचे निवेदन काय म्हणते, हे तीन रकान्यांत शेजारी शेजारी मांडावे. तीन स्पष्टीकरणांपैकी कोणत्याचे माग कुठे दिसतात, हे या तक्त्यात तपासायचे.

एक शक्यता आधीच सांगून ठेवतो : उत्तर एकसंध निघणार नाही. ऑडिट ऑफिसचा अहवाल तारखेला घट्ट धरून राहण्यावर आणि जुळवणीचे काम कमी लेखण्यावर बोट ठेवतो. एकामागून एक व्हायची कामे एकमेकांवर चढवून वेळ वाचवण्याचा प्रयत्न झाला, हेही त्यात आहे. म्हणजे कल पहिल्या आणि तिसऱ्या स्पष्टीकरणाकडे. लंडन असेंब्लीच्या परिवहन समितीने एप्रिल २०१९ च्या अहवालात महापौरांकडे जाणाऱ्या माहितीतील धोक्याचा सूर सौम्य केला गेल्याकडे लक्ष वेधले. म्हणजे कल दुसऱ्याकडे. हे मतभेद नोंदवून थांबू नये. ऑडिट ऑफिसचे काम सार्वजनिक पैशाचा मोबदला मिळाला का हे पाहणे, समितीचे काम महापौरांना जाब विचारणे. ज्याने ज्या दिशेला दिवा धरला, त्याला तिथले दिसले. दोन्ही खरे असू शकते. बातमी एका पायरीवर मानली गेली नाही आणि दुसऱ्या पायरीवर विरघळली, असेही असेल. मग कोणत्या पायरीवर काय घडले, हे सांगणे हाच आपल्या संशोधनाचा निष्कर्ष.

स्वतःच्या कंपनीचा प्रकल्प घेतला तर

वाचकांपैकी बहुतेकजण प्रत्यक्षात क्रॉसरेल नव्हे, तर आपल्याच कंपनीतला प्रकल्प घेतील. दारे उघडी असतात, कागद हाताशी असतात. अडचण अशी की, कर्मचारी म्हणून जो ईमेल आपण वाचू शकतो, तो संशोधक म्हणून वापरण्याचा अधिकार आपल्याला मिळालेला नसतो. कंपनीची लेखी परवानगी आणि विद्यापीठाच्या नीतिसमितीची मान्यता, ही दोन्ही पहिल्या मुलाखतीच्या आधी हाती हवीत. मागाहून मिळवलेली मान्यता चालत नाही आणि तेवढ्या कारणावरून आधीच्या मुलाखती काढून टाकाव्या लागतात.

नाव लपवणे हेही वाटते तितके सोपे नाही. ‘टेस्टिंग विभागाचा व्यवस्थापक’ असे लिहिले की बाहेरच्याला तो कळत नाही, पण कंपनीतल्या प्रत्येकाला कळतो, कारण तो एकच असतो. आठ माणसांच्या अभ्यासात पदनाम हेच नाव असते. अशा वेळी पदांऐवजी ‘कंत्राटदाराकडील’, ‘मालकाकडील’ असे दोनच गट करावेत आणि ज्याचे वाक्य उद्धृत करणार, त्याला ते आधी दाखवावे. दाखवताना त्याला तपशिलाची चूक दुरुस्त करू द्यावी. अर्थ लावण्याचा अधिकार मात्र आपल्याकडे ठेवावा. आणखी एक धोका अंतर्गत माणसालाच असतो. प्रकल्पातला कुठला गट चुकला, हे त्याने अभ्यासाआधीच ठरवलेले असते आणि सहसा तो गट त्याचा स्वतःचा नसतो. त्यावर उपाय म्हणजे तीन स्पष्टीकरणे कागद गोळा करण्याआधी लिहून, तारीख घालून मार्गदर्शकाकडे देऊन ठेवणे. शेवटी आपण आपल्या आवडत्या स्पष्टीकरणाला विरोधी पुरावा किती शोधला, हे त्या कागदाशी ताडून पाहता येते.

राहता राहिला प्रश्न, एकाच प्रकरणावरून इतरांविषयी काय म्हणता येते? ‘सर्व महाप्रकल्पांत असेच होते’ हे म्हणता येत नाही. म्हणता येते ते एवढे : प्रगती मोजण्याचे साधन जिथे बोथट होते आणि तारीख हे जिथे राजकीय वचन असते, तिथे धोका मान्य व्हायला या मार्गाने उशीर होऊ शकतो. यिन याला सिद्धान्ताकडे नेणारे सामान्यीकरण म्हणतात. विधानात अटी जितक्या स्पष्ट, तितके ते तपासण्याजोगे. पुढचा कोणी हेच दुसऱ्या रेल्वे प्रकल्पावर किंवा एखाद्या बँकेच्या सॉफ्टवेअर बदलावर ताडून पाहू शकतो.

प्रबंध बांधून देण्याआधी मी विद्यार्थ्याला एक साधी चाचणी करायला सांगेन. निष्कर्षांच्या प्रकरणातील कोणतेही एक वाक्य बोट ठेवून निवडायचे. तिथून तक्त्यातील ओळीकडे, ओळीतून मूळ कागदाच्या क्रमांकाकडे आणि तिथून त्या कागदातील परिच्छेदापर्यंत पाच मिनिटांत पोहोचता येते का, ते पाहायचे. मग उलट दिशेने, एखाद्या इतिवृत्तातील गैरसोयीची ओळ घ्यायची आणि ती प्रबंधात कुठे आली आहे ते शोधायचे. पहिली वाट बहुतेकांची निघते. दुसरी निघाली नाही, तर तक्त्याचा तो रकाना पुन्हा उघडावा लागतो.